गच्ची न देण्याचं कारण

१

मंजुश्रीला गच्ची द्यायची नव्हती. गोष्ट एवढीच होती, आणि आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणायची रीत असती तर ती एवढ्यावरच मिटली असती.

शेजारच्या चंद्रम्मानं पहिल्यांदा विषय काढला तो गुरुवारी, कंपाउंडच्या भिंतीवरून. तिच्या धाकट्या मुलीचं उदगीरला जमलं होतं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी कुंकवाचा कार्यक्रम, माणूस दीडशे. “तुमची गच्ची लई ऐसपैस हाय बग मंजू,” एवढं म्हणून चंद्रम्मा गप्प बसली. मागणाऱ्यानं अर्धं बोलायचं आणि देणाऱ्यानं उरलेलं पुरं करायचं, असा शेजारधर्म. मंजुश्रीनं पुरं केलं नाही. “बघू की अक्का,” ती म्हणाली, “ह्यांना विचारते.”

खटकचिंचोळीत ‘बघू’ या शब्दात आठ आणे नकार असतो आणि आठ आणे होकार. बोलणारा नकाराचे आठ आणे देतो, ऐकणारा होकाराचे उचलून घरी जातो. चंद्रम्मानं त्याच संध्याकाळी मंडपवाल्याला निरोप धाडला.

शिवराजनं, म्हणजे मंजुश्रीच्या नवऱ्यानं, नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं. “तुला काय सांगायचं ते सांग, मला मधी घेऊ नको,” म्हणाला, आणि शनिवारी दुपारी पिशवी उचलून अफजलपूरकडे गेला. तिकडच्या उसाला ठिबकच्या नळ्या बसवायचं काम त्याच्याकडे होतं. दहाएक दिवस तिकडेच मुक्काम. त्याचं मूळ गावही त्याच भागातलं, भीमेकाठचं. आईबाप गेलेले, भाऊबहीण कुणी नाही, एकटा जीव.

गच्ची न देण्याला कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. गेल्या वर्षी याच चंद्रम्माच्या नातवाच्या जावळाला त्यांनी गच्ची दिली होती. आचाऱ्यानं भट्टी थेट स्लॅबवर मांडली. मंडपवाल्यानं कठड्याला भोकं पाडून दोऱ्या आवळल्या. दहा वाजायच्या आत हजार लिटरची टाकी कोरडी पडली. पत्रावळींनी पावसाच्या पाण्याचा पाइप तुंबला. आणि गच्चीचा जिना हॉलमधूनच असल्यामुळे शंभर माणसं चपला-बुटांसकट सोफ्यासमोरून वर गेली नि हात पुसत खाली आली. त्या पावसाळ्यात झोपायच्या खोलीत तीन जागी ठिबकायला लागलं. ठिबकवाल्याच्या घरात ठिबक, म्हणून गल्ली हसली. या उन्हाळ्यात सगळं खरवडून, औषध मारून, वर फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवून घेतले. मिस्त्रीनं बजावलं होतं, दोन वर्षं वर भट्टी न्हाई आणि खिळा न्हाई.

सोमवारी सकाळी चंद्रम्मा कुंकवाचं ताट घेऊन दारात आली. फाटकाबाहेर मंडपवाला टेप घेऊन उभा होता.

“अक्का, स्लॅब आत्ताच करून घेतलाय. भट्टी सोसायची न्हाई त्याला.”

“भट्टी आमच्या दारात मांडू. वर नुसतं वाढायचं.”

“कठड्याला भोक पाडू न्हाई म्हणालाय मिस्त्री.”

“वाळूच्या डब्यात बांबू रोवायचे. ह्याला विचार की. भोक कामून पाडतील?” फाटकाबाहेरून मंडपवाल्यानं मान डोलावली.

“पाणी पुरंना बगा आमचं आम्हालाच.”

“टँकर सांगितलाय.”

“जिना घरातनं हाय. एवढी माणसं...”

“चपला फाटकापाशी. पन्नास-पन्नासची पंगत. आमची सून बसवते तुमच्या दारात, एकाला चिखल आणू देत न्हाई.”

मंजुश्रीचं एकेक कारण चंद्रम्मानं शेंगा फोडाव्यात तसं फोडून बाजूला ठेवलं. ती तयारी करून आली होती. आता उरला होता तो नुसता नकार, उघडा, कारणाशिवायचा. तो तोंडातून काढणं मंजुश्रीला जमेना. आणि मग ज्याच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही असं एकच कारण तिच्या जिभेवर आलं.

“अक्का, सांगणार नव्हते. आम्हाला सुतक हाय.”

चंद्रम्माचा ताटाकडे गेलेला हात थांबला. “अगं बाई. कोण गेलं?”

लांबचं कुणी सांगितलं तर तीन दिवसांत फिटतं. मंजुश्रीनं मनात बोटं मोजली. रविवार पुरायला दहा दिवसांचं हवं, म्हणजे घरचंच माणूस हवं. “माझे थोरले दीर,” ती म्हणाली. “शनिवारी. म्हणून तर हे तिकडं गेलेत.”

चंद्रम्मानं ताटावर पदर ओढला. कुंकू लावायला उचललेलं बोट तिनं लुगड्याला पुसलं, आणि मंडपवाल्याला हातानं जा म्हणाली.

२

मंगळवारी सकाळी दारात झाकलेलं ताट होतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, वर मीठ. सुतकाच्या घरात शेजारी जेवण पोचवतात, त्यात नवल काही नाही. मंजुश्रीला लाज वाटली. पण लाजेनं पोट भरत नाही आणि चंद्रम्माचं पिठलं सगळ्या गल्लीत नावाजलेलं, म्हणून ती उंबऱ्यातच बसून जेवली.

ताट न्यायला चंद्रम्मा आली ती आत आली नाही, पायरीवरच टेकली. “आमचा कार्यक्रम देवळाच्या सभागृहात ठरवला. तू मनाला लावून घेऊ नको. तुझं दुःख मोठं.”

“व्हय अक्का.”

“धनराजभाऊला लई आवडायचं पिठलं,” चंद्रम्मा डोळे पुसत म्हणाली. “मागल्या साली दोनदा मागून खाल्लं.”

मंजुश्रीच्या हातातलं पाण्याचं भांडं कलतं झालं. तिनं नाव सांगितलं नव्हतं. सांगायला नाव होतंच कुठं? काल ती घाबरलेली होती, बोलायच्या भरात काहीबाही तोंडातून गेलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस खोटं बोलायला लागलं की एक खोटं किती वेळा आणि किती प्रकारे बोललो याचा त्याला पत्ता राहत नाही. आणि चंद्रम्मा म्हणजे काय, मेलेल्याचं कौतुक करायची संधी कधी न सोडणारी बाई. समोरची रडतेय म्हटलं की हिला अनोळखी माणसाचंही पिठलं आठवतं.

संध्याकाळी शिवराजचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला.

“भाऊ मारलास व्हय माझा? अगं, जल्माला तर घालायचा आधी.”

“हसू नका हो. तुम्ही कुणाला धनराज म्हणून नाव सांगितलं का?”

“मी कामून सांगू? पण नाव ब्येस हाय बग. थोरल्याला शोभतं.” तो पुन्हा हसला. “जेवलीस का तू?”

त्याच्या हसण्यानं तिची अर्धी भीती गेली. उरलेल्या अर्ध्या भीतीनं तिनं हॉलमधला दिवा लावून ठेवला.

३

गुरुवारी भर दुपारी, ऊन रणरणत असताना, तिला गच्चीवर पावलं ऐकू आली.

ती भाजी निवडत होती. पावलं सावकाश होती, जड माणसाची. कठड्यापासून टाकीपर्यंत एकसारखी पडत गेली, थांबली, वळली, आणि पुन्हा तेवढीच पडली. ती नकळत मोजत गेली. बावीस. मग पुन्हा बावीस. कुणी लांबी मोजतंय असं वाटावं. मंडपवाला आला असेल म्हणून तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की मंडपवाल्याला वर जायचं तर तिच्यासमोरूनच जावं लागलं असतं. वरच्या दाराला आतून कडी होती. कडी तिला बसल्या जागेवरून दिसत होती.

वानर असेल. चंद्रम्माच्या गच्चीवर कुणी चालत असेल आणि आवाज इकडून आल्यासारखा वाटत असेल. उन्हानं स्लॅब तापतो, तडतडतो, नवीन कामाला तर फारच. ही सगळी कारणं तिनं एकापुढे एक मांडली, आणि सोमवारी चंद्रम्मानं तिची कारणं जशी बाजूला ठेवली तशी तिची तिलाच बाजूला ठेवता आली. वानर बावीस मोजत नाही.

ती वर गेली नाही. खरं सांगायचं तर तिची छाती झाली नाही. भाजी तशीच टाकून ती फाटकापाशी उन्हात जाऊन उभी राहिली, पावलं थांबेपर्यंत.

शुक्रवारी सकाळी ती शोभाबाईकडे गेली. शोभाबाई शाळेत शिकवायच्या. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो, आणि सुतक-बितक, विटाळ-बिटाळ असल्या गोष्टींना त्यांच्या घरात उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. अख्ख्या गल्लीत डोकं ठिकाणावर असलेलं माणूस कोण, तर शोभाबाई. त्यांना सगळं सांगून टाकायचं, त्या रागावतील, हसतील, आणि हे सगळं एकदाचं हलकं होईल, असं तिनं ठरवलं होतं.

शोभाबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं, स्वतःच्या शेजारी बसवलं, पाणी दिलं. “मी यायलेच होते तुझ्याकडं,” त्या म्हणाल्या. “पटत न्हाई अजून. चांगला धडधाकट माणूस. आमच्या बोअरची मोटर बसली तेव्हा दिवसभर उन्हात उभं राहून धनराजभाऊंनीच तर नळ्या जोडून दिल्या.”

“ते हे होते, बाई,” मंजुश्री म्हणाली. “मोटर ह्यांनी बसवली.” ‘शिवराजनी’ असं म्हणायला हवं होतं, पण नवऱ्याचं नाव घ्यायची तिला सवय नव्हती. “हे होते ते. माझे हे.”

“व्हय गं,” शोभाबाई हळुवारपणे म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. “तुझेच. मी कुठं न्हाई म्हणते?”

त्या हाताखाली मंजुश्री थिजून बसली. शोभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, तिच्या कपाळाकडे पाहिलं होतं, आणि लगेच नजर काढून घेतली होती.

४

शनिवारपर्यंत तिला कळून चुकलं होतं की काय चाललंय. तिच्या नवऱ्याची एकेक गोष्ट कुणीतरी उचलून नेत होतं. बोअरची मोटर गेली, चंद्रम्माच्या घरचं पिठलं गेलं. दूधवाला म्हणाला, थोरल्या मालकांनी घर बांधलं तेव्हापासनं मी रतीब घालतोय. घर शिवराजनं बांधलं होतं, पायाच्या पहिल्या दगडापासून. ती स्वतः कामगारांना चहा देत उभी होती. आता उरलं होतं ते तिचं स्वतःचं आठवणं, आणि अफजलपूरला असलेला तो.

तिनं त्याला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला.

“अहो, आजच्या आज निघा. मला भ्या वाटायलंय.”

तिकडे वाऱ्याचा आवाज होता, नदीकाठी असतो तसा. “निघता यायचं न्हाई,” तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण जपून बोलल्यासारखा. “सोमवारी दहावा हाय. तो उरकूनच येतो. तुम्ही जेवलात का?”

तिला वाटलं, चेष्टा करतोय. किंवा शेजारी कुणी मोठं माणूस उभं असेल म्हणून तुम्ही म्हणाला. सहा वर्षांत त्यानं तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं, भांडणातसुद्धा. “कसला दहावा? कुणाचा?” ती ओरडली. फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर लागेना.

मग ती उठली आणि तशीच चंद्रम्माच्या दारात गेली. ओसरीवर बायका बसल्या होत्या, उद्याच्या ओटीचं सामान निवडत होत्या. तिला पाहून एकीनं हळदी-कुंकवाचं तबक मागे सरकवलं.

“अक्का, मी खोटं बोलले,” मंजुश्री सगळ्यांसमोर म्हणाली. “मला सुतक न्हाई. थोरले दीर न्हाईत मला. कधीच नव्हते. मला गच्ची द्यायची नव्हती, स्लॅब खराब होईल म्हणून. झालं, चुकले मी. उद्या तुमचा कार्यक्रम आमच्या गच्चीवर करा. भट्टी मांडा, भोकं पाडा, काय पायजे ते करा. पण करा.”

आयुष्यात पहिल्यांदा ती असं सरळ, आडवळणाशिवाय बोलली होती. चंद्रम्मा उठून आली, तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. चंद्रम्माच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मंजुश्रीला बरं वाटलं असतं.

“दुःखात माणूस असंच बोलतं, पोरी. मी मनावर घेत न्हाई.”

“अक्का, मी खरं सांगायलेय.”

“न्हाईत, न्हाईत, असंच वाटत राहतं. माझा बाप गेला तेव्हा मी पण म्हणले होते, कोण बाप, मला बाप न्हाईच.” तिनं मंजुश्रीचा पदर सारखा केला, आणि आवाज उतरवून म्हणाली, “आणि आता त्या गच्चीवर कुंकू कसं लावायचं, तूच सांग. तुझं वय ते काय.”

शेवटचं वाक्य मंजुश्री घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिली. थोरला दीर गेला तर भावजयीच्या वयाशी कुणाला काय करायचं असतं?

हॉलमध्ये लग्नाचा फोटो होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. नवरदेवाच्या तोंडावर बाशिंग आणि मुंडावळ्या, फुलांच्या सरींमागे नुसती हनुवटी दिसत होती. हा फोटो तिनं हजारदा पाहिला होता, आणि हजारदा तिला त्या सरींमागे शिवराज दिसला होता, कारण तो तिथं आहे हे तिला ठाऊक होतं. आज ती हनुवटी रुंद वाटली. नवरदेवाच्या मागं, जरा खाली मान घालून, डोक्यावर टॉवेल घेतलेला एक सडपातळ तरुण उभा होता. तो आधीपासून होता की नाही ते तिला आठवेना. तिनं फोटो उलटा करून भिंतीला टेकवला, आणि जमिनीवर बसून रडली.

५

रविवारी सकाळपासून देवळाकडून सनई वाजत होती. सगळी गल्ली तिकडे गेली होती. तिला कुणी बोलावलं नाही, आणि सुतकातल्या घराला बोलावतही नाहीत.

बारा वाजता ती गच्चीवर जायला उठली. तिला एकच गोष्ट बघायची होती. स्लॅब टाकला त्या दिवशी शिवराजनं टाकीच्या चौथऱ्यावर ओल्या सिमेंटमध्ये बोटानं आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं होतं. ‘शि’. वेलांटी मोठी काढली म्हणून ती त्याला हसली होती. माणसं खोटं बोलतील, फोटोत उजेडाचा खेळ असेल, पण सिमेंट खोटं बोलत नाही, असं ती जिना चढताना पायरीपायरीला स्वतःला सांगत होती. कडी काढून ती बाहेर आली.

गच्ची रिकामी होती. ऊन इतकं होतं की फरश्यांच्या तुकड्यांकडे बघवत नव्हतं. कठड्याला एकही भोक नव्हतं, सगळं जसंच्या तसं, स्वच्छ, जपलेलं.

दोरीवर मात्र एक धोतर वाळत होतं.

शिवराज पॅन्ट घालायचा. घरात धोतर नव्हतं, कधी आणलंच नव्हतं. हे रुंद काठाचं होतं, पन्हाही मोठा, उंच माणसाचं. एवढ्या उन्हात ते नुकतं पिळून टाकल्यासारखं गळत होतं, आणि खाली फरशीवर पाण्याचा ठिपका मोठा होत होता. शेजारच्या गच्चीवरून उडून आलं असेल म्हणावं तर त्याला दोन्ही टोकांना चिमटे लावले होते. चिमटे तिचे होते, निळे. तिनं बोट लावलं. पाणी थंडगार होतं, आणि त्याला नदीच्या गाळाचा वास होता.

आता परत फिरावं असं तिच्या अंगातला प्रत्येक सांधा म्हणत होता. पण टाकी तिथंच होती, पाच पावलांवर. ती गेली आणि वाकली.

अक्षर झिजलं होतं. वेलांटी होती की रेघ होती, सांगता येत नव्हतं. तिनं नखानं धूळ काढली, तोंडातली ओल लावून पुसलं, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून बघितलं. ‘शि’ दिसावं म्हणून तिनं जीव एकवटला. आणि तिला दिसलं ते ‘ध’ होतं, नीट, वळणदार, घाई न करता काढलेलं.

मागे चिमटा टिचकन निघाल्याचा आवाज झाला. मग दुसरा. ओलं कापड कुणीतरी झटकलं, तिच्या मानेवर थेंब उडाले.

तिनं वळून पाहिलं नाही. टाकीला वळसा घालून, डोळे जमिनीवर ठेवून ती दारापर्यंत गेली. दाराशी पोचताना डोळ्यांच्या कोपऱ्यात तिला फक्त दोन पावलं दिसली, ओली, मोठी, बोटं पसरलेली, दोरीखाली उभी असलेली. ती पावलं निवांत उभी होती. आपल्या घराच्या गच्चीवर माणूस जसा उभा राहतो तशी.

तिनं कडी घातली, आणि कडीपुढे सोफा सरकवता येईना म्हणून जिन्याच्या तळाशी सरकवला.

६

सोमवारी दुपारी चार वाजता फाटक वाजलं. तिनं खिडकीतून पाहिलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला. शिवराज होता. त्याचीच चाल, तीच पिशवी. तिनं धावत जाऊन दार उघडलं.

त्याचं डोकं तुळतुळीत केलेलं होतं. मिशीही नव्हती. त्यानं चपला फाटकापाशीच काढल्या होत्या, आणि तो उंबऱ्याबाहेरच थांबला, परक्या घरी थांबतात तसा. त्याच्यामागे रस्त्यावर चंद्रम्मा आणि दोन बायका उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन.

“आत या,” मंजुश्री म्हणाली. “लवकर आत या, आणि ह्यांना सांगा. सांगा ह्यांना, तुमाला भाऊ न्हाई म्हणून. तुमी सांगितलं तर ऐकतील.”

तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. तिच्या पायांकडे बघत होता, जोडव्यांकडे, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते खरं पाणी होतं. ते नाटकाचं असतं तर तिला कळलं असतं, सहा वर्षं ती या माणसाबरोबर जेवली होती.

“दादाचं सगळं रीतीनं केलं,” तो म्हणाला. “पण कावळा शिवला न्हाई. दोन तास बसलो नदीवर. सगळे म्हणाले, माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. मी कबूल केलं, घर सांभाळतो, शेत सांभाळतो. तरी न्हाई शिवला.” त्यानं पिशवी उंबऱ्याच्या आत, तिच्या पायापाशी ठेवली, आणि दोन पावलं मागे सरून हात जोडले. “त्याचा जीव कशात अडकलाय, ते तुमालाच ठाऊक असणार, वहिनी.”

मंजुश्रीला किंचाळायचं होतं. त्याला खांद्याला धरून हलवायचं होतं, नावानं हाक मारायची होती. नाव घेतलं तर तो वर बघेल, वर बघितलं तर ओळखेल, हे तिला लख्ख कळत होतं. चार अक्षरं, बस. पण लग्नात उखाणा घेतला त्यानंतर ते नाव तिनं त्याच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. तिच्या फोनमध्येसुद्धा त्याच्या नंबरापुढे ‘हे’ एवढंच लिहिलेलं होतं. तिनं तोंड उघडलं, जीभ टाळूला लावली, आणि ते नाव नेमकं कुठून सुरू होतं, ‘शि’पासून की ‘ध’पासून, एवढंही तिला त्या क्षणी सापडेना. मग सहा वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून जे नेहमी यायचं तेच आलं.

“अहो,” तिनं हाक मारली.

उंबऱ्याबाहेरच्या माणसानं मान वर केली नाही.

वर गच्चीच्या दाराची कडी आतल्या बाजूनं, सावकाश सरकली.

“ओ,” जाड, समाधानी आवाजात उत्तर आलं. “आलो.”